धूसर छायाचित्रातील पक्षी : नाव ठरवण्याच्या रीतीविषयी प्रस्तावना

पक्षी ओळखण्याची जी पुस्तके आज मराठी वाचकाच्या हाती आहेत त्यांतील चित्रे आणि छायाचित्रे निवडून घेतलेली, भरपूर उजेडातली आणि पक्षी बाजूने पूर्ण दिसेल अशी असतात. उलट ज्या छायाचित्रावरून वाचकाला नाव ठरवायचे असते ते बहुधा कलत्या उजेडात, ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर, पक्षी आता उडून जाईल या धास्तीने घाईघाईत घेतलेले असते, आणि मोठे करून पाहू लागताच त्यातील पिसे, डोळा, फांदी ही सारी एकमेकांत विरघळून जातात. अशा वेळी वाचक पुस्तकाची पाने उलटत राहतो, रंगाने जवळचे वाटणारे एखादे चित्र त्याला सापडते, आणि त्या चित्राखालचे नाव तो आपल्या छायाचित्राला देऊन टाकतो. या पद्धतीत दोष पुस्तकाचा नाही आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांचाही नाही. धूसर छायाचित्रातून कोणती माहिती आधी नाहीशी होते आणि कोणती शेवटपर्यंत टिकते, याचा विचार न करताच निर्णय दिला जातो, हा खरा दोष आहे. प्रस्तुत पुस्तिकेचा सारा खटाटोप हा विचार क्रमाने मांडण्याचा आहे, आणि चोचीची घडण, सापेक्ष आकार व पिसांवरील नक्षीची मांडणी या तीन गोष्टींचा तिने आधार घेतला आहे, कारण प्रतिमा बिघडत गेली तरी या तिन्ही गोष्टी आपापल्या मर्यादेत बोलत राहतात.

प्रथम धूसरपणाचेच स्वरूप पाहिले पाहिजे. छायाचित्र धूसर होण्याची कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येक कारण पक्ष्याच्या आकृतीत वेगळ्या तऱ्हेची ढवळाढवळ करते. हात हलला असेल तर चित्रातील प्रत्येक कड एकाच दिशेला ओढली जाते. त्या दिशेला चोच असेल तर ती लांबते, आणि आडवी असेल तर जाड होते. नाभी चुकली असेल, म्हणजे भिंगाने पक्ष्याऐवजी मागच्या पानांवर लक्ष धरले असेल, तर प्रत्येक बिंदूचे एक लहानसे वर्तुळ होते आणि पक्षी सर्व बाजूंनी सारखाच फुगतो. टोकदार चोच बोथट दिसू लागते. पक्ष्याच्या मागे उजळ आकाश असेल तर उजेड कडांवर चढतो आणि बारीक अवयवांना खातो, त्यामुळे चोच आणि पाय प्रत्यक्षाहून रोड भासतात. याखेरीज मोबाइलने घेतलेल्या चित्रात आणखी एक कारण असते: अंधूक उजेडात आलेला रवाळपणा पुसून टाकण्यासाठी मोबाइलमधले सॉफ्टवेअर पिसांवरच्या बारीक रेघाही पुसते आणि मग चित्र रेखीव दिसावे म्हणून काळ्या कडेलगत एक फिकट रेघ ओढते, ही रेघ पुष्कळदा पांढरी भुवई किंवा पंखाची पांढरी किनार म्हणून वाचली जाते.

म्हणून चित्र हाती येताच पक्ष्याकडे पाहण्यापूर्वी त्याच्या शेजारच्या निर्जीव वस्तूंकडे पाहावे, असा या पुस्तिकेचा पहिला आग्रह आहे. विजेची तार, वाळलेल्या काटकीचे टोक, पानाची कड यांचे खरे रूप आपल्याला ठाऊक असते. काटकीचे टोक चित्रात दुहेरी दिसत असेल तर हात कोणत्या दिशेला आणि किती हलला याचे मापच आपल्याला मिळाले. त्या दोन टोकांमधले अंतर कागदावर मोजून ठेवावे आणि पक्ष्याच्या प्रत्येक अवयवाच्या त्या दिशेतील लांबीतून तेवढे वजा करावे. पक्ष्याच्या डोळ्यात चमकणारा उजेडाचा ठिपका दिसत असेल तर तो याहून चांगला साक्षीदार होय, कारण तो मुळात अगदी सूक्ष्म असतो. त्याची रेघ झाली असेल तर थरथर, वर्तुळ झाले असेल तर नाभी चुकलेली. धूसरपणाची रुंदी एकदा कळली म्हणजे पुढचा एक महत्त्वाचा नियम आपोआप हाती येतो. पिसांवरचे जे पट्टे किंवा ठिपके त्या रुंदीहून बारीक आहेत ते चित्रात असणे शक्यच नाही, मग ते पक्ष्याच्या अंगावर असोत वा नसोत; बारीक चौकड्यांचे लुगडे ओसरीच्या टोकावरून पाहताना एकरंगी भासावे, तसे ते एकमेकांत मिसळून मधलाच एखादा रंग तयार करतात.

आता ही रीत प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवण्यासाठी एकच जोडी घेऊन तिच्यावर सावकाश विचार करणे मला अधिक फलदायी वाटते. ती जोडी म्हणजे शिक्रा आणि पावशा. दोन्ही पक्षी महाराष्ट्रातल्या माळरानांवर, बागांत, गावकुसाजवळच्या झाडीत आढळतात; दोन्ही वरून राखाडी, खालून फिकट तांबूस, शेपटीवर आडवे पट्टे असलेले; दोन्हींचे आकारमान कबुतराच्या आसपास. वास्तविक शिक्रा हा बाजांच्या कुळातला शिकारी पक्षी, सरडे, लहान पक्षी, उंदीर यांवर जगणारा. आणि पावशा हा कोकिळेच्या कुळातला, सुरवंट व किडे खाणारा, ज्येष्ठ-आषाढात ‘पेरते व्हा’ असे ओरडणारा म्हणून शेतकऱ्यांना परिचित असलेला. परंतु पावशाचे रंगरूपच नव्हे तर काही पंख मारून तरंगत जाण्याची आणि झाडाजवळ येताच वर झेप घेऊन बसण्याची ढबदेखील शिक्र्यासारखी आहे, इतकी की तो झाडीत शिरताच लहान पक्षी आणि खारी भयसूचक आवाज काढू लागतात. ज्या साम्याने पाखरे फसतात त्याने धूसर छायाचित्र पाहणारा माणूस फसावा यात नवल नाही. आणि म्हणूनच आपल्या तीन साधनांपैकी कोणते केव्हा उपयोगी पडते याची पारख या जोडीइतकी दुसरीकडे होत नाही.

चोचीचा विचार आधी करावा, कारण चोच ही पक्ष्याच्या आहाराशी बांधलेली असते आणि वेषाच्या साम्याने तिची घडण बदलत नाही. पावशाने शिक्र्याचा वेष घेतला, परंतु मांस फाडण्याचे हत्यार घेतले नाही, कारण त्याला ते लागत नाही. शिक्र्याची चोच आखूड, मुळाशी उंच आणि मुळापासूनच खाली वळू लागणारी असते. तिच्या वरच्या कडेची कमान कपाळाच्या उतारातच मिसळून जाते, त्यामुळे धूसर चित्रात पुष्कळदा चोच वेगळी दिसतच नाही, डोक्याचाच पुढचा भाग खाली वाकल्यासारखा दिसतो. मुळाशी असलेली पिवळी मेणचट त्वचा आणि पुढचा काळसर आकडा यांच्यामुळे चोचीचे दोन तुकडे पडल्यासारखे वाटतात, आणि पार्श्वभूमी गडद असेल तर तो पिवळा ठिपकाच तेवढा उरतो. पावशाची चोच याच्या उलट मुळाशी रुंद पण कमी उंचीची असते. ती बराच भाग सरळ पुढे जाते आणि केवळ टोकाशी किंचित खाली झुकते. तिची लांबी तिच्या मुळाच्या उंचीपेक्षा उघडपणे अधिक असते, आणि डोक्यापासून ती स्वतंत्र अवयवासारखी बाहेर निघालेली दिसते.

मात्र चोच वाचताना दोन खबरदाऱ्या घेतल्या पाहिजेत. पक्ष्याचे तोंड आपल्याकडे किंचित जरी वळलेले असेल तरी चोच आखूड भासते, आणि पावशाची सरळ चोच शिक्र्याच्या आकड्यासारखी दिसू लागते; म्हणून डोके अगदी बाजूने दिसत असेल तरच चोचीच्या लांबीवर भिस्त ठेवावी. डोके बाजूने आहे की नाही, याची खूण अशी की त्या स्थितीत एकच डोळा दिसतो आणि चोचीच्या मुळापासून मानेच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर जास्तीत जास्त भरते. दुसरी खबरदारी मापाची. चोचीची लांबी कधीही सेंटिमीटरमध्ये अजमावू नये, ती त्याच चित्रातील डोक्याच्या लांबीशी तोलून पाहावी. कारण पक्षी किती दूर होता हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते, परंतु त्याची चोच आणि त्याचे डोके एकाच अंतरावर होते याबद्दल शंका नसते.

या शेवटच्या वाक्यातच सापेक्ष आकाराचे सारे मर्म आहे. डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील आपल्या पुस्तकात चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा, घार, गिधाड अशा परिचित पक्ष्यांच्या मापाने इतर पक्ष्यांचा आकार सांगण्याची पद्धत रूढ केली, आणि प्रत्यक्ष रानात पक्षी पाहणाऱ्याला याहून सोयीचे माप नाही. परंतु छायाचित्रात पक्षी कबुतराएवढा आहे असे म्हणण्याला आधार तेव्हाच असतो, जेव्हा त्याच्या शेजारी त्याच अंतरावर ओळखीचे दुसरे काही असते. लांब पल्ल्याच्या भिंगातून घेतलेल्या चित्रात पुढच्या आणि मागच्या वस्तूंमधले अंतर मिटल्यासारखे होते, त्यामुळे पुढच्या फांदीवरील बुलबुल आणि मागच्या झाडावरील कावळा एकाच डहाळीवर बसल्यासारखे भासतात. दोन पक्षी खरोखर एका अंतरावर आहेत की नाहीत हे ठरवण्याचा मार्ग म्हणजे त्यांच्या धूसरपणाची तुलना करणे. नाभी चुकल्यामुळे दोघे सारखेच फुगलेले असतील तर ते बहुधा एकाच अंतरावर असतील, आणि एकाची कड दुसऱ्याहून रेखीव असेल तर ते वेगवेगळ्या अंतरावर आहेत. दोघांचे पाय एकाच फांदीवर टेकलेले स्पष्ट दिसले, आणि ती फांदी आपल्यापासून दूर जाणारी नसून आडवी असली, म्हणजे शंकेला फारशी जागा राहत नाही.

पावशाच्या बाबतीत हे माप एका विशिष्ट प्रसंगी फार उपयोगी पडते. पावशा स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते, आणि त्या अंड्यातून निघालेले पिल्लू सातभाईच वाढवतात. सातभाई साधारण २५ सेंटिमीटर लांबीचा, तर वाढ पूर्ण झालेला पावशा सुमारे ३४ सेंटिमीटर. त्यामुळे घरट्याबाहेर आलेले पिल्लू लवकरच आपल्या पोशिंद्यांहून मोठे दिसू लागते. आता अशा पिल्लाचे धूसर चित्र पाहा: पाठ तपकिरी, फिकट छातीवर गडद ठिपके, शेपटीवर पट्टे, आणि भोवती गलका करणारे तीन-चार सातभाई. शिक्र्याच्या पिल्लाचीही पाठ तपकिरी आणि छातीवर थेंबांसारखे ठिपके असतात, आणि शिक्रा दिसताच सातभाई त्याच्यावर तुटून पडतात हेही खरे आहे. तेव्हा हे चित्र ‘सातभाईंनी घेरलेला शिक्रा’ या मथळ्याखाली जाण्याचा संभव मोठा. येथे ठिपक्यांची मोजदाद करण्यापेक्षा अंतरांकडे पाहावे. शिक्र्याला हाकलणारे सातभाई त्याच्या पाठीमागून किंवा वरून येतात आणि चोचीच्या टप्प्यात सहसा राहत नाहीत. पिल्लाला भरवणारा सातभाई मात्र त्याच फांदीवर, समोरासमोर, डोक्याला डोके लागेल इतका जवळ असतो. अशा चित्रात दोन्ही पक्षी हमखास एका अंतरावर मिळतात, आकाराची तुलना निर्धोक होते, आणि मोठ्या पक्ष्याची उघडी, सरळ, रुंद चोच लहान पक्ष्याच्या दिशेने उचललेली दिसली की निर्णय पक्का होतो.

शेजारी कोणीच नसेल तर पक्ष्याचे अवयवच एकमेकांचे माप होतात. शिक्रा बसलेला असताना त्याचे लांब, उघडे, पिवळे पाय पोटाखाली दिसतात आणि शरीर फांदीपासून वर उचललेले वाटते. पावशाचे पाय आखूड असून त्याचे पोट फांदीला लागल्यासारखे दिसते. शिक्र्याचे पंख अंगाशी घट्ट आवळलेले असतात. पावशा पुष्कळदा पंख दोन्ही बाजूंना सैल सोडून बसतो, त्यामुळे त्यांची टोके शेपटीच्या मुळाखाली लोंबतात. ही लक्षणे एकेकटी निर्णायक नाहीत, कारण थंडीत पिसे फुलवून बसलेल्या शिक्र्याचे पायही झाकले जातात. परंतु चोचीने दिलेल्या उत्तराला ती पुष्टी देतात की विरोध करतात, एवढे पाहण्यास ती पुरेशी आहेत.

पिसांच्या नक्षीला मी तिसरे स्थान दिले आहे ते तिचे महत्त्व कमी म्हणून नव्हे, तर धूसरपणाचा सर्वांत मोठा आघात तिच्यावर होतो म्हणून. नक्षी म्हणजे रंग, ही समजूत आधी सोडली पाहिजे. संध्याकाळच्या उजेडात राखाडी पाठ तपकिरी दिसते, हिरव्या पानांच्या छायेत पांढऱ्या पोटावर हिरवट झाक येते, आणि मागे आकाश असेल तर सारा पक्षी काळाच पडतो. उरते ती उजळ आणि गडद भागांची वाटणी: कोठे गडद भाग संपतो आणि उजळ सुरू होतो, ती सीमा सरळ आहे की तुटक, पट्टे रुंद आहेत की अरुंद. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याच्या छातीवरील तांबूस आडव्या रेघा इतक्या बारीक असतात की थोड्याशा धूसरपणातही त्या मिसळून छाती एकसारखी फिकट तांबूस दिसते. पावशाच्या छातीवर मुळातच पसरट तांबूस झाक असते आणि त्याच्या पोटावरचे पट्टेही तसेच पुसले जातात. म्हणजे या भागावरून निर्णय देणे व्यर्थ. शेपटीकडे मात्र वळावे. पावशाच्या शेपटीवरील गडद पट्टे रुंद असतात, त्यांतला टोकाजवळचा सर्वांत रुंद, आणि त्याच्या पलीकडे फिकट तांबूस टोक असते. रुंद पट्टा असल्यामुळे तो पुष्कळ धूसर चित्रांतही टिकतो. प्रौढ शिक्र्याच्या शेपटीची मधली पिसे बहुधा बिनपट्ट्याची असतात आणि पट्टे कडेच्या पिसांवर असतात, म्हणून मिटलेली शेपटी पाठीमागून पाहिली तर ती साधी दिसते आणि खालून पाहिली तर पट्टेदार. तेव्हा शेपटीची कोणती बाजू आपल्यासमोर आहे, हे ठरवल्यावाचून पट्ट्यांविषयी काही लिहू नये.

शिक्र्याच्या कंठावर मधोमध एक अरुंद गडद रेघ असते, आणि पुस्तकात ती ओळखीची खूण म्हणून सांगितलेली असते. ती धूसर चित्रात दिसली तर तिचे मोल मोठे आहे. परंतु दिसली नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण धूसरपणाच्या रुंदीहून अरुंद असलेली रेघ दिसणारच नाही हे आपण आधीच पाहिले. जे दिसते ते पुरावा होय, जे दिसत नाही ते पुरावा होण्यासाठी ‘असते तर दिसलेच असते’ हे आधी शाबीत करावे लागते. चुकीच्या नावांच्या मुळाशी पुष्कळदा हा एकच प्रमाद आढळतो.

या सर्वांचा एकत्र उपयोग कसा होतो हे पाहण्यासाठी पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीतून एका शिक्षकांनी पाठवलेले एक छायाचित्र घेतो. ज्येष्ठातली संध्याकाळ, ढगाळ आकाश, लिंबाच्या वाळक्या फांदीवर एक पक्षी डावीकडे तोंड करून बसलेला. चित्रासोबतच्या चिठ्ठीत ‘बाज असावा’ एवढाच मजकूर. फांदीला फुटलेल्या उभ्या काटकीच्या शेजारी तिचीच एक फिकट प्रत दिसत होती, म्हणजे हात आडव्या दिशेने हलला होता, आणि चोचही त्याच दिशेला असल्यामुळे तिची लांबी वाढलेली असणार हे उघड होते. काटकीच्या दोन प्रतींमधले अंतर पक्ष्याच्या चोचीच्या उंचीच्या निम्म्याएवढे भरले. तेवढे चोचीच्या लांबीतून वजा केल्यावरही ती तिच्या उंचीहून बरीच अधिक उरली, आणि वरची कड मुळापासून न वाकता टोकाजवळ वाकत होती. शिवाय हात आडवा हलल्याने कमान सपाट होण्याचा संभव लक्षात घेतला तरी डोके आणि चोच यांच्यामधला खळगा स्पष्ट होता, जो शिक्र्यात दिसत नाही. पंख सैल सोडलेले होते. पाय दिसत नव्हते, त्याची नोंद ‘अनिर्णित’ म्हणून केली. छातीवर कोणतीही रेघ नव्हती, तीही अनिर्णित. शेपटी मात्र खाली लोंबत असल्यामुळे तिच्यावरचे आडवे पट्टे हलण्याच्या दिशेलाच समांतर होते, म्हणून ते मुळीच पुसले गेले नव्हते. टोकाजवळचा रुंद गडद पट्टा आणि त्याखालची फिकट किनार दोन्ही दिसत होत्या. चोच, बसण्याची ढब आणि शेपटी या तिघांचे उत्तर एक आले: पावशा. त्यानंतर शिक्षकांना विचारले तेव्हा त्या आठवड्यात ‘पेरते व्हा’ ही हाक तेथे रोज ऐकू येत होती असे त्यांनी कळवले. ही माहिती निर्णयाला बळकटी देणारी असली तरी ती छायाचित्राबाहेरची आहे, आणि नोंदवहीत तिचा रकाना वेगळा असावा. दोन्ही एकत्र केल्या तर छायाचित्राने स्वतः काय सांगितले हे पुढच्या वाचकाला कळत नाही.

उत्तर जर शिक्र्याच्या बाजूने आले असते तर मात्र काम येथे संपले नसते. आकड्यासारखी आखूड चोच पाहून पक्षी बाजांच्या कुळातला आहे एवढे ठरते. शिक्र्याचा जवळचा नातलग बेसरा घाटमाथ्याच्या दाट झाडीत राहतो, त्याच्या कंठावरची रेघ अधिक ठळक आणि शेपटीचे गडद पट्टे अधिक रुंद असतात, पण चोच आणि आकार यांत दोघांना वेगळे करण्याजोगे धूसर चित्रात काही उरत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा चिमणमार ससाणाही याच घडणीचा. तेव्हा पट्ट्यांची रुंदी मोजण्याइतके चित्र स्पष्ट नसेल तर ‘शिक्रा’ असे न लिहिता ‘शिक्र्याच्या वर्गातला बाज, जाती अनिश्चित’ असे लिहावे. हे नाव अपुरे दिसले तरी खरे आहे, आणि गावाबाहेरच्या झाडीत शिक्रा अधिक आढळतो म्हणून त्याचे नाव देणे हा अंदाज होय, ओळख नव्हे.

चोच निर्णायक आणि नक्षी फसवी, असा सर्वसाधारण नियम वरील जोडीवरून कोणी काढू नये, म्हणून याच्या अगदी उलट असलेले एक उदाहरण येथे नमूद केले पाहिजे. रानपिंगळा हे लहानसे घुबड. ब्लुइट याने १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागातून मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूम याने १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. खानदेशातूनही त्याचे काही नमुने जमा झाले. आणि १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे त्याचा खात्रीचा दाखला मिळाला नाही. १९६८ साली छायाचित्रांच्या आधारे तो सापडल्याचा दावा झाला, परंतु ती छायाचित्रे गावोगावी दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याची होती, असे पुढे ठरले. अखेर संग्रहालयांतील जुन्या कातड्यांचा बारकाईने अभ्यास केलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी दिसला, आणि त्यांनी त्याचे चित्रीकरणही केले. पुढे तो मेळघाटात आणि इतरत्र आढळला, आणि २०१४ मध्ये मुंबईच्या उत्तरेस असलेल्या तानसा अभयारण्यातूनही त्याची नोंद झाली.

पिंगळा सुमारे २१ सेंटिमीटरचा, रानपिंगळा सुमारे २३. रानपिंगळ्याची चोच आणि पावले थोडी दणकट, परंतु एकट्या बसलेल्या पक्ष्याच्या धूसर चित्रात हे दोन सेंटिमीटर किंवा चोचीची ती जाडी कोणीही सिद्ध करू शकणार नाही. येथे नक्षीच बोलते, आणि तीही ठिपक्यांतून नव्हे तर त्यांच्या वाटणीतून. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते, त्यामुळे धूसर चित्रात त्याचा माथा राखट, मळकट दिसतो. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात, म्हणून तो एकसंध गडद तपकिरी दिसतो. पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी आणि पांढरे हे खालपर्यंत मिसळत जातात. रानपिंगळ्याची छाती मात्र गडद असते आणि पोटाचा मधला खालचा भाग स्वच्छ पांढरा, असा तो दोन वाटण्यांचा पक्षी आहे. ठिपके पुसले गेले तरी त्यांची सरासरी छटा मागे राहते, आणि त्या छटेवरून मूळ नक्षी ओळखता येते. म्हणजे बारीक नक्षी धूसर चित्रात मिसळते हा जो नियम पावशाच्या छातीपाशी आपल्याला अडथळा वाटला, तोच रानपिंगळ्याच्या माथ्यापाशी साधन होतो. कोणते साधन कोठे चालते हे पक्ष्यांच्या जोडीवर अवलंबून असते. म्हणून या पुस्तिकेतील प्रकरणे एकेका पक्ष्याची न करता ज्यांच्यात घोटाळा होतो अशा जोड्यांची केली आहेत, आणि प्रत्येक जोडीच्या आरंभी तिच्यात कोणता पुरावा ग्राह्य आणि कोणता त्याज्य हे सांगितले आहे.

राहता राहिला प्रश्न छायाचित्राच्या जतनाचा. नाव ठरल्यावर मूळ चित्र काढून टाकून त्याची छाटलेली, उजळवलेली, रेखीव केलेली प्रतच ठेवण्याची सवय मला फार हानिकारक वाटते. छाटताना नेमकी ती काटकी, ती तार, तो शेजारचा पक्षी नाहीसा होतो ज्यांच्यावरून धूसरपणाचे माप निघाले असते. आणि रेखीव करताना अंगावर नसलेल्या कडा उमटतात. १९६८ च्या त्या छायाचित्रांचा फैसला पुढच्या अभ्यासकांना करता आला तो ती उपलब्ध होती आणि त्यांतील नक्षी तपासता येत होती म्हणूनच. केवळ नाव नोंदलेले असते आणि चित्र नसते, तर ती नोंद आजही रानपिंगळ्याच्या खात्यावर राहिली असती. म्हणून मूळ चित्र, दिनांक, वेळ आणि ठिकाण यांसह जसेच्या तसे ठेवावे, त्याच्यासोबत चोच, आकार आणि नक्षी यांचे तीन रकाने करून प्रत्येकात काय दिसले, काय दिसले नाही आणि काय दिसणे शक्यच नव्हते हे लिहावे, आणि नाव सर्वांत शेवटी, पुराव्याने जेथवर नेले तेथवरच द्यावे. पुढे अधिक जाणत्या माणसाने ते नाव बदलले तरी त्याला बदलण्याचे कारण याच तीन रकान्यांत सापडेल, आणि ते सापडावे अशा रीतीने लिहिणे हेच या पुस्तिकेतील प्रत्येक जोडीच्या अभ्यासाचे उद्दिष्ट आहे.